मुद्रितशोधन : चुकांची वही आणि चार वाचने

कोपरगावात आमच्या छोट्या छापखान्यात काही वर्षांपूर्वी एका निकाहची पत्रिका छापली गेली. घाईचे काम होते, म्हणून संगणकात असलेली जुन्या पत्रिकेची फाइल उघडली आणि तिच्यातील नावे बदलली. चारशे पत्रिका गेल्या. दुसऱ्या दिवशी नवरदेवाचे आजोबा स्वतः दुकानात आले. त्यांच्या नावाआधी 'मरहूम' हा शब्द तसाच राहिला होता. ते एवढेच म्हणाले, "बेटा, पत्रिका छान आहे, पण मी अजून हयात आहे."

पत्रिका आम्ही स्वखर्चाने पुन्हा छापून दिल्या, पण अर्ध्या तोवर वाटून झाल्या होत्या. छपाईच्या धंद्यात चुकीचा हिशेब कागदाच्या किमतीवर थांबत नाही. आम्हाला अधिक बोचले ते हे की, ती पत्रिका आम्ही दोनदा वाचली होती! मग चूक दिसली का नाही? कारण आपण लिहिलेला मजकूर वाचताना डोळा कागदावरचे वाचत नाही, मनात असलेले वाचतो. तेव्हा 'नीट लक्ष देऊन पुन्हा वाचा' हा उपाय पुरत नाही. त्या दिवसापासून आम्ही दोन गोष्टी सुरू केल्या : चुकांची वही आणि टप्प्याटप्प्याने वाचन.

वही अगदी साधी आहे. तीन रकाने : चूक काय झाली, कशामुळे झाली, कोणाच्या नजरेस आली. ग्राहकाने दाखविलेली चूक आणि प्रुफात आपणच पकडलेली चूक, दोन्ही लिहावयाच्या. काही महिन्यांनी वही चाळली तेव्हा ध्यानात आले की, चुका दिसतात अनेक, पण त्यांची मुळे मोजकीच आहेत. आमच्या वहीत चार निघाली. पहिले, जुन्या फाइलमधील मजकूर तसाच राहणे. 'मरहूम' त्यातलाच. आता 'जि. अहमदनगर' हीही त्याच जातीची चूक आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण जुन्या बिलबुकांच्या फाइलींत पूर्वीचेच नाव आहे. दुसरे, तारीख आणि वार यांचा मेळ नसणे. तिसरे, आकड्यांची अदलाबदल. चौथे, ऱ्हस्व-दीर्घाच्या त्या जोड्या, ज्यांत दोन्ही शब्द बरोबर असतात, पण अर्थ वेगळा असतो. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे धर्म किंवा गरीब. संगणकाची शुद्धलेखन तपासणी येथे काही बोलत नाही, कारण तिच्या लेखी दोन्ही शब्द शुद्धच.

ही यादी आमची आहे. दुसऱ्याची वेगळी असेल. पुस्तकातील नियम सर्वांसाठी असतात, वही मात्र आपल्याच हाताच्या सवयी दाखविते. म्हणून ती उसनी घेता येत नाही.

आता टप्पे. एका वाचनात सर्व काही पाहू गेले तर काहीच नीट दिसत नाही. म्हणून प्रत्येक वाचनाला एकच काम द्यावे.

पहिल्या वाचनात ग्राहकाचा हस्तलिखित कागद शेजारी ठेवून फक्त दोन प्रश्न विचारावेत : कागदावरचे काही गळाले का? कागदावर नसलेले काही शिरले का?

दुसऱ्या वाचनात अक्षरांकडे पाहूच नये, केवळ आकडे पाहावेत. प्रथम ते मोजावेत. मोबाइल क्रमांक दहा अंकी, कोपरगावचा पिन ४२३६०१ हा सहा अंकी. जीएसटी क्रमांक पंधरा स्थानांचा असतो आणि महाराष्ट्रातील नोंदणीचा आरंभ २७ ने होतो. बँकेच्या आयएफएससी कोडमध्ये अकरा स्थाने असतात व पाचव्या जागी नेहमी शून्य असते. तेथे इंग्रजी 'ओ' टंकले गेले तर डोळ्याला फरक कळत नाही, पण पैसे अडकतात. मोजणी जुळली म्हणजे अंक बरोबर आहेत असे मात्र नव्हे. अदलाबदल झालेले अंक मोजून सापडत नाहीत, त्यासाठी एकेक अंक मूळ कागदाशी ताडावा लागतो.

तिसरे वाचन शेवटच्या ओळीपासून वर जाणारे. उलटे वाचताना अर्थाचा ओघ तुटतो आणि डोळ्याला शब्दच पाहावा लागतो. 'दिन-दीन' येथेच सापडतात.

चौथे वाचन मोठ्याने, आणि ते दोघांनी करावयाचे. ज्याने मजकूर टंकला त्याने प्रुफ वाचू नये, कारण तो मनातलेच वाचील. त्याने मूळ कागद हाती धरावा. प्रुफ दुसऱ्याने वाचावे, जसे छापले आहे तसेच. आकडे सुटे बोलावेत : 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' ऐकताना गफलत होते, 'पाच-नऊ' आणि 'सहा-नऊ' यांत होत नाही. 'आचाऱ्यांना' ऐवजी 'आचार्यांना' छापले गेले असेल तर कान लगेच सांगतो की, स्वयंपाक्याचा गुरुजी झाला. उलट 'दिन' आणि 'दीन' उच्चारात जवळजवळ सारखेच, म्हणून ते कानाला सापडत नाहीत. एक वाचन दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही ते यामुळेच.

ही रीत आपल्या परंपरेला नवी नाही. हदीसची प्रत उतरून घेतली की ती मूळ प्रतीशी वाचून ताडण्याची पद्धत होती, तिला 'मुकाबला' म्हणत. दोन हदीसांच्या मधे एक छोटे वर्तुळ काढले जाई. खतीब बगदादी (निधन १०७१) यांची सूचना अशी की, वर्तुळ आधी रिकामे ठेवावे आणि त्या हदीसचा मुकाबला झाल्यावरच आत ठिपका द्यावा. कोणता भाग ताडला आणि कोणता राहिला, हे पानावरच दिसे. आम्हीही प्रुफाच्या समासात प्रत्येक परिच्छेदापाशी वर्तुळ काढतो. मोठ्याने वाचताना मधेच ग्राहक आला, फोन वाजला, तरी कोठून पुढे वाचावयाचे ते ठिपका सांगतो.

एका वलीमा पत्रिकेचे उदाहरण घेऊ. पहिल्या वाचनात जुन्या फाइलमधील हॉलचा पत्ता सापडला. दुसऱ्यात 'शनिवार, २३ नोव्हेंबर २०२५' असे दिसले. कॅलेंडर पाहिले तर त्या दिवशी रविवार होता. कोणते खरे हे आम्ही ठरविले नाही, ग्राहकाला विचारले. तारीख बरोबर होती, वार चुकला होता. हिजरी तारखेबाबतही विचारून घ्यावे लागते, कारण हिजरी दिवस मगरिबपासून बदलतो. रात्रीच्या जेवणाला पुढची तारीख लागते. तिसऱ्या वाचनात 'शुभ दीन' सापडला. चौथ्यात ओळ संपताना 'सहकुटुंब' आणि नवी ओळ सुरू होताना पुन्हा 'सहकुटुंब' असे कानावर आले. तिन्ही वाचनांत ते डोळ्यांतून निसटले होते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. दुरुस्ती करताना नवी चूक जन्मते. म्हणून दुरुस्त केलेला शब्दच नव्हे, ती संपूर्ण ओळ आणि तिच्या वरची-खालची ओळ पुन्हा पाहावी. मूळ कागदच चुकीचा असेल तर आमची चारही वाचने निरुपयोगी ठरतात. त्यासाठी शेवटचे प्रुफ ग्राहकाला देऊन त्यावर सही घ्यावी, आणि नावे, तारीख व फोन यांना पेन्सिलीने खूण करून तेवढे तरी त्याला मोठ्याने वाचावयास सांगावे.

वही आजही गल्ल्याशेजारी आहे. जी चूक वर्षभर झाली नाही ती आम्ही यादीतून काढतो, नाहीतर यादी लांबते आणि कोणी पाहत नाही. 'मरहूम' मात्र पहिल्या ओळीवरून काढलेला नाही.