फरशीवर पडलेला दात

पिल्लू घरी आणून दोन महिने झाले की एक दिवस केर काढताना फरशीवर तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी पांढरं सापडतं. नीट पाहिलं की कळतं, हा पिल्लाचा दुधाचा दात आहे. पिल्लू चार महिन्यांच्या आसपास आलं की असे दात पडू लागतात. बरेचसे ते खाण्याबरोबर गिळूनच टाकतं, म्हणून सगळे आपल्या हाती लागत नाहीत. सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत त्याच्या तोंडात पक्के बेचाळीस दात आलेले असतात.

आता हाच दात हातात घेऊन आपल्या सगळ्यांना पाठ असलेला हिशेब करून बघू. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात. चार महिन्यांना सातने गुणलं की अठ्ठावीस महिने होतात, म्हणजे सव्वादोन वर्षांचं मूल. सव्वादोन वर्षांच्या मुलाचे दात पडतात का? त्याचे तर दुधाचे दातच अजून पुरते आलेले नसतात. आपल्या मुलांचा पहिला दात पडतो तो सहाव्या वर्षाच्या सुमारास. म्हणजे या एका खुणेपुरतं पाहिलं तर पिल्लाचा एक महिना आपल्या दीड वर्षाएवढा भरतो. पुढचं उदाहरण आणखी बोलकं आहे. अनेक कुत्र्या वर्षाच्या आतच माजावर येतात आणि त्यांना पिल्लंही होऊ शकतात. सातच्या हिशेबाने त्या वेळी त्या सात वर्षांच्या मुली ठरतात.

हा हिशेब कुणी रूढ केला ते ठामपणे सांगता येत नाही. माणूस साधारण सत्तर वर्षं जगतो, कुत्रा दहा, म्हणून सातपट, असा सोपा भागाकार त्यामागे असावा. अशी तुलना करायची हौस मात्र फार जुनी आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये 1268 साली घातलेल्या नक्षीदार फरशीवर एक लेख होता. जग किती काळ टिकेल याचं गणित त्यात मांडलं होतं: कुंपण तीन वर्षं टिकतं, कुत्रा त्याच्या तिप्पट, घोडा कुत्र्याच्या तिप्पट आणि माणूस घोड्याच्या तिप्पट. त्या हिशेबाने कुत्र्याच्या एका वर्षाला माणसाची नऊ वर्षं पडतात. आकडा सात असो की नऊ, दोन्हींतली चूक एकच आहे. आयुष्य एकाच चालीने पुढे सरकतं, असं ते धरून चालतात. कुत्र्याचं आयुष्य तसं सरकत नाही. सुरुवातीला ते भरधाव पळतं आणि नंतर चाल मंदावते. शिवाय सगळ्या कुत्र्यांची चाल सारखी नसते.

यातली पहिली गोष्ट सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी आकड्यांत पकडली. त्यांचा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. वय वाढत जातं तशा आपल्या डीएनएवर बारीक रासायनिक खुणा बसत आणि पुसत जातात. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखा त्यांवरून वयाचा अंदाज घेता येतो. संशोधकांनी 104 लॅब्रेडॉर कुत्र्यांच्या रक्तातल्या अशा खुणा माणसांच्या खुणांशी ताडून पाहिल्या. त्यातून हे सूत्र निघालं:

human_age = 16 × ln(dog_age) + 31

सूत्रातला ln म्हणजे गणितातला नैसर्गिक लॉगॅरिदम. पण तो न काढताही उत्तरं समजून घेता येतात. एक वर्षाचा लॅब्रेडॉर माणसाच्या 31 व्या वर्षाशी जुळतो, दोन वर्षांचा 42 शी, चारचा 53 शी, आठचा 64 शी आणि बाराचा 71 शी. पहिल्या वर्षानंतर वय दुप्पट झालं की माणसाच्या हिशेबात दर वेळी साधारण अकरा वर्षंच पडतात. मग ते एकाचे दोन झालेले असोत की चाराचे आठ. बाराव्या वर्षाचा आकडा प्रत्यक्षाशीही जुळतो, कारण लॅब्रेडॉर साधारण बारा वर्षं जगतो.

पण हे सूत्र घेऊन शेजारच्या कुत्र्याचं वय मोजायला निघालो तर पुन्हा फसू. एक तर ते अगदी लहान पिल्लांना लागू पडत नाही. महिन्याच्या पिल्लाचं वय त्यात घातलं तर उत्तर उणे नऊ वर्षं येतं. दुसरं म्हणजे डीएनएवरच्या खुणा जुळल्या, म्हणून अख्खं शरीर जुळलं असं होत नाही. वर्षाचा लॅब्रेडॉर चप्पल पळवतो, तो काही तिशीतला संसारी गडी नसतो. आणि सगळ्यात मोठी मर्यादा अशी की हे सूत्र एकाच जातीवरून काढलेलं आहे. कुत्र्यांमध्ये तर तीन किलोचं पॉमेरेनियनही येतं आणि साठ किलोचा ग्रेट डेनही.

प्राण्यांच्या जगात सर्वसाधारणपणे मोठं शरीर म्हणजे मोठं आयुष्य. उंदीर दोन-तीन वर्षांत संपतो, हत्ती साठी गाठतो. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र गंगा उलटी वाहते. ग्रेट डेन आठ ते दहा वर्षं जगतो, तर पॉमेरेनियन बारा ते पंधरा वर्षं सहज काढतं. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय रुग्णालयांमधल्या 74 जातींच्या पन्नास हजारांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदी तपासून 2013 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जातीचं वजन दर दोन किलोंनी वाढलं की सरासरी आयुष्य साधारण एका महिन्याने घटतं, असं त्यात दिसलं. मोठे कुत्रे लवकर का मरतात, याचंही उत्तर त्यातून मिळालं. त्यांचं म्हातारपण फार आधी सुरू होतं असं नाही. सुरू झालं की ते वेगाने पुढे जातं. जणू त्यांचं प्रौढपण कुणीतरी घाईघाईने गुंडाळून टाकतं.

या घाईचं मूळ वाढीत असावं, असं संशोधकांना वाटतं. आपलं बाळ जन्मताना तीन किलोंचं असतं आणि वर्षाचं झालं की नऊ-दहा किलोंचं, म्हणजे तिप्पट होतं. डेनचं पिल्लू जन्मतं तेव्हा अर्ध्या-पाऊण किलोचं असतं आणि वर्षभरात पन्नास किलोंच्या घरात जातं. एवढं अंग भरायला पेशींना किती वेळा आणि किती भराभर दुभंगावं लागत असेल! प्रत्येक वेळी डीएनएची नक्कल होते आणि नक्कल करताना चुका राहतात. या वाढीला आयजीएफ-1 नावाचं संप्रेरक जोर देतं. त्याच्या जनुकातल्या एका छोट्या फरकाचा कुत्र्याच्या आकारात मोठा वाटा आहे, हे 2007 साली कळलं. वाढ रेटणारं हे संप्रेरक मोठ्या कुत्र्यांच्या रक्तात जास्त असतं. ज्या उंदरांमध्ये ते कमी असतं, ते जास्त जगतात, हेही प्रयोगांत दिसलं आहे.

मग हत्ती कसा तगतो? हत्तीला मोठं व्हायला लाखो वर्षं मिळाली. कर्करोगाला आवर घालणाऱ्या ज्या जनुकाची आपल्याकडे एकच प्रत असते, त्याच्या हत्तीकडे वीस प्रती आहेत. मोठ्या देहाबरोबर त्याने पहारेकरीही वाढवले. डेनला असा वेळ मिळाला नाही. माणसाने निवडक पैदास करून थोड्याच शतकांत त्याला एवढा केला आणि आतली राखण जुनीच राहिली. म्हणून महाकाय जातींमध्ये हाडाचा कर्करोग वारंवार दिसतो. डेनमध्ये हृदयाचे स्नायू ढिले पडण्याचा आणि पोट फुगून पीळ पडण्याचा धोकाही मोठा असतो.

आकार हा मोठा घटक असला तरी तो एकटाच सगळं ठरवत नाही. ब्रिटनमधल्या पाच लाख ऐंशी हजारांहून जास्त कुत्र्यांचा अभ्यास 2024 साली आला. त्यात लांब नाकाच्या लहान जातींमधल्या माद्या साधारण 13.3 वर्षं जगताना दिसल्या, तर चपट्या तोंडाच्या मध्यम जातींमधले नर 9.1 वर्षंच. देह बेताचा असला तरी श्वासच नीट घेता येत नसेल, तर आकाराचा फायदा कुठून मिळणार?

हे सगळं घरात कसं वापरायचं? एकाच इमारतीत आठ वर्षांचे दोन कुत्रे आहेत असं समजा, तळमजल्यावर डेन आणि तिसऱ्या मजल्यावर पॉमेरेनियन. सातच्या हिशेबाने दोघेही छप्पन्न वर्षांचे, म्हणजे निवृत्तीला अजून अवकाश असलेले. त्याऐवजी पशुवैद्य वापरतात ती रीत घेऊ. अपेक्षित आयुष्याचा शेवटचा पाव भाग म्हणजे म्हातारपण, असं ते धरतात. डेनचं आयुष्य नऊ वर्षं धरलं तर त्याचं म्हातारपण पावणेसात वर्षांना सुरू होतं. पॉमचं चौदा धरलं तर साडेदहाला. म्हणजे तळमजल्यावरचे आजोबा केव्हाच म्हातारे झाले आहेत आणि वरच्या मजल्यावरची बाई अजून ऐन भरात आहे. गावठी किंवा मिश्र कुत्र्याचं जातीवरून सांगता येत नाही, तिथे त्याच्या वजनाकडे पाहायचं. पंधरा-वीस किलोंचा, चांगला जपलेला गावठी कुत्रा लहान-मध्यम गटात धरावा.

सातच्या हिशेबाने नुकसान होतं ते इथे. सात वर्षांचा डेन लंगडू लागला तर घरची माणसं म्हणतात, मध्यमवयीनच तर आहे, मुरगळला असेल पाय, राहील दोन दिवसांत. तो हाडाचा कर्करोग असेल तर वाट पाहण्यात गेलेले आठवडे परत मिळत नाहीत. मोठ्या कुत्र्याचं लंगडणं दोन-चार दिवसांत थांबलं नाही किंवा पायाला एका जागी टणक सूज आली, तर एक्स-रे काढायलाच हवा. मोठ्या जातींची सहाव्या वर्षापासून वर्षातून दोनदा तपासणी करून घ्यावी.

जातीने दिलेला आकार आपल्या हातात नसतो, अंगावरची चरबी मात्र असते. अमेरिकेत 48 लॅब्रेडॉर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांच्यावर आयुष्यभर लक्ष ठेवलं गेलं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं दिलं. कमी खाणारे साधारण 13 वर्षं जगले आणि त्यांचे जोडीदार 11.2 वर्षं. एकाच जातीत नुसत्या वाटीच्या मापाने जवळजवळ दोन वर्षांचा फरक पडला. आपल्या कुत्र्याचं माप बघायला वजनकाटाही लागत नाही. आपला हात पालथा धरून त्याच्या पाठीवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा. बारीक हाडं जशी लागतात, तशा कुत्र्याच्या बरगड्या हाताला लागल्या तर ठीक. तळहातावरून बोटं फिरवल्यासारखं नुसतं मऊ मऊ लागलं, तर त्याच्या ताटलीतली आजची एक पोळी कमी करा.