टीपीएम क्लिअर केल्यावर काय काय अडतं?

एएमडीचा जुना प्रोसेसर काढून नवा बसवला, की मशीन पहिल्यांदा चालू करताना विंडोजच्या आधीच बऱ्याच मदरबोर्डांवर काळ्या स्क्रीनवर काही ओळी येतात. सुरुवात `New CPU installed` अशी असते आणि शेवटी Y की N असं विचारलेलं असतं. Y म्हणजे टीपीएम रीसेट करा, N म्हणजे जुनी नोंद राहू द्या. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी कीशिवाय मशीन सुरू होणार नाही, हेही तिथेच लिहिलेलं असतं. पण आपल्या मशीनवर बिटलॉकर चालू आहे, हेच अनेकांच्या गावी नसतं. विंडोज 11 मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेट केलं, की बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. होम आवृत्तीत त्याला ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ म्हणतात, त्यामुळे बिटलॉकर हा शब्द कुठे नजरेसही पडत नाही.

टीपीएम ही कधी मदरबोर्डवरची वेगळी चिप असते, तर कधी प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्येच असते. तिच्या पोटात एक गुप्त बीजसंख्या असते आणि तिच्यापासून मूळ किल्ली तयार होते. डिस्क उघडणारी किल्ली या मूळ किल्लीने बंद करून डिस्कवरच ठेवलेली असते. टीपीएम क्लिअर केला की जुनं बीज जातं आणि नवं तयार होतं. तुमच्या फाइलींना धक्काही लागत नाही. फक्त त्या उघडणारी किल्ली ज्या पाकिटात आहे, ते पाकीट आता या चिपला फोडता येत नाही. जुनं बीज कुठल्याही दुकानात, कुठल्याही सॉफ्टवेअरने परत मिळत नाही.

क्लिअर करण्याचे मार्ग दोन. बायोसमध्ये सिक्युरिटी किंवा ट्रस्टेड कम्प्युटिंग या भागात तो पर्याय सापडतो. विंडोजमध्ये `tpm.msc` उघडून Clear TPM निवडता येतं. विंडोज मात्र फक्त विनंती नोंदवतं. रीस्टार्ट झाल्यावर बऱ्याच मशीनवर फर्मवेअर कीबोर्डवरचं एखादं बटण दाबून खात्री करून घेतं, म्हणजे दूर बसलेल्या कुणाला परस्पर हे करता येऊ नये. तिथे नकार दिला तर काहीच बिघडत नाही.

होकार दिल्यावर पहिल्यांदा निळी स्क्रीन येते आणि 48 आकडी रिकव्हरी की मागते. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात. प्रत्येक गटाला 11 ने पूर्ण भाग जातो, म्हणून एखादा आकडा चुकला तर तो गट तिथेच पकडला जातो. स्क्रीनवर कीचा आयडीही दिसतो. दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून `aka.ms/myrecoverykey` उघडून तोच आयडी असलेली की शोधायची. ऑफिसच्या लॅपटॉपची की आयटी विभागाकडे असण्याची शक्यता जास्त. ती कुठेच नसेल, तर त्या डिस्कवरचे फोटो आणि कागदपत्रं गेलीच समजा. माझ्या मते प्रोसेसर बदलण्याआधी बॅकअपइतकंच हेही तपासायला हवं.

डिस्क उघडल्यावरही सगळं पूर्वीसारखं नसतं. लॉगिनचा पिन चालत नाही, ‘पिन उपलब्ध नाही, पुन्हा सेट करा’ असा निरोप येतो. बोटाचा ठसा आणि चेहराही त्याच किल्लीवर अवलंबून असल्याने तेही अडतात. अकाउंटचा पासवर्ड चालतो, म्हणून तो आठवत असला पाहिजे. विंडोज हॅलोमध्ये ठेवलेल्या पासकी जातात. त्या वेबसाइटवर दुसऱ्या मार्गाने शिरून नव्या कराव्या लागतात. ऑफिसच्या मशीनवर आउटलूक किंवा टीम्स `80090016` हा एरर दाखवून साइन इन नाकारू शकतात. चिप बिघडली आहे असं तिथे लिहिलेलं असलं, तरी ती ठणठणीत असते. कंपनीकडे मशीनची ओळख पटवणारी किल्ली तेवढी गेलेली असते आणि नोंदणी नव्याने करावी लागते.

हे टाळायचं असेल तर आधी अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर कीचा आयडी आणि आकडे पाहून कागदावर उतरवा. मग संरक्षण तात्पुरतं थांबवा:

```
manage-bde -protectors -get C:
manage-bde -protectors -disable C: -RebootCount 0
```

शेवटचा शून्य महत्त्वाचा आहे. तो दिला नाही, तर एकदा रीस्टार्ट झाल्यावर संरक्षण आपोआप पुन्हा सुरू होतं. टीपीएम क्लिअर होऊन विंडोज सुरू झालं, की `manage-bde -protectors -enable C:` द्या, म्हणजे डिस्कची किल्ली नव्या बीजाशी बांधली जाते. ही पायरी राहिली तर डिस्क उघडणारी किल्ली डिस्कवर उघडीच पडून राहते, आणि लॅपटॉप चोरीला गेला तर एन्क्रिप्शनचा काही उपयोग होत नाही.

आणि Y आधीच दाबायचं नसेल, तर N दाबून मशीन बंद करा आणि जुना प्रोसेसर परत बसवा. जुनी नोंद शाबूत असते, त्यामुळे डिस्क पूर्वीसारखी उघडते आणि वरची तयारी निवांत करता येते.