सहा सक छत्तीसला जोडीदार नाही

अमेरिकेतल्या शाळांमध्ये वर्गाबाहेरच्या लांबलचक बोळात भिंतीला लागून पत्र्याची अरुंद उभी कपाटं असतात. प्रत्येक मुलाला एक, दारावर नंबर. या कपाटांना लॉकर म्हणतात, आणि तिकडच्या गणिताच्या वर्गात सांगितलं जाणारं एक कोडं याच बोळात घडतं.

ओळीत १०० लॉकर आहेत, सगळे बंद. शाळेत १०० मुलं आहेत. पहिला मुलगा बोळातून जाताना सगळेच लॉकर उघडतो. दुसरा फक्त २, ४, ६, ८ असे लॉकर बंद करत जातो. तिसरा ३, ६, ९, १२ या लॉकरांपाशी थांबतो, पण तो उघडायचं की बंद करायचं हे आधी ठरवत नाही. उघडा असेल तर लावतो, लावलेला असेल तर उघडतो. चौथा दर चौथ्या लॉकरपाशी तेच करतो, पाचवा दर पाचव्यापाशी. असं करत शंभरावा मुलगा येतो तेव्हा त्याच्या वाट्याला एकच लॉकर असतो, शंभराव्या नंबरचा. तो जाऊन आल्यावर किती लॉकर उघडे असतील, आणि कोणते?

याच कोड्यात कुणी लॉकरऐवजी तुरुंगातल्या कोठड्या घालतं, कुणी दिव्यांची बटणं. दिवाळीच्या सुट्टीत सहावीतली भाची घरी आली होती, तेव्हा आम्ही एक रुपयाची वीस नाणी घातली. जेवणाच्या टेबलावर एका रांगेत मांडली, खाली कागदाच्या पट्टीवर १ ते २० आकडे लिहिले. काटा वर म्हणजे लॉकर बंद, छापा वर म्हणजे उघडा.

नाण्यांना हात लावण्याआधी मी तिला अंदाज विचारला. ती म्हणाली, "मामा, मूळ संख्यांचे उघडे राहतील. त्यांना कोणी हातच लावत नाही ना!" हा अंदाज बरेच जण करतात, आणि तो अगदी उलटा आहे. मूळ संख्येला हात लावणारे दोन जण असतातच. सतराव्या लॉकरला पहिला मुलगा उघडतो आणि खुद्द सतरावा बंद करतो. मधल्या पंधरा जणांपैकी एकही तिथे थांबत नाही. म्हणजे मूळ संख्यांचे लॉकर बंद राहणार, हे सगळ्यात आधी ठरतं.

मग आम्ही नाणी उलटायला लागलो. तिने पाढे म्हणत बोट पुढे न्यायचं आणि मी नाणं फिरवायचं, अशी वाटणी. शेवटी १, ४, ९ आणि १६ या चार नाण्यांवर छापा राहायला हवा होता. राहिला सात नाण्यांवर: १, ४, ६, ९, १२, १६, १८. त्या घोटाळ्याकडे मी थोड्या वेळाने येतो, कारण तो घोटाळा फार कामाचा निघाला.

आधी बरोबर उत्तर का बरोबर आहे ते पाहू. प्रत्येक मुलगा बोळातून आपला पाढा म्हणत जातो असं समजा. सातवा म्हणतो, सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस, आणि जो आकडा तोंडात येईल त्या लॉकरपाशी थांबतो. मग बाराव्या लॉकरपाशी कोण कोण थांबेल? ज्यांच्या पाढ्यात बारा येतात ते. तिसरा मुलगा 'तीन चोक बारा' म्हणून थांबेल. पण तीन चोक बारा असतील, तर चार त्रिकही बाराच. म्हणजे तिसरा आला की चौथा येणारच. तसंच बे सक बारा म्हणून दुसरा आला, की सहा दुणे बारा म्हणून सहावा येणार. पहिल्याच्या मागे बारावा येणार. जोड्या जोड्यांनीच येतात सगळे. एकाने उघडलं की कधी ना कधी दुसरा लावणार, आणि तीन जोड्या, सहा हात झाले की लॉकर होता तसा बंद.

आता छत्तिसाव्या लॉकरपाशी उभे राहू. पहिला आणि छत्तिसावा ही एक जोडी. दुसरा आणि अठरावा ही दुसरी, तिसरा आणि बारावा ही तिसरी, चौथा आणि नववा ही चौथी. आठ हात झाले, लॉकर बंदच. मग सहावा येतो. तो म्हणतो सहा सक छत्तीस. ही ओळ उलटी करून म्हणून पाहा, तीच ओळ मिळते. सहाव्याचा जोडीदार सहावाच, आणि एक मुलगा बोळातून दोनदा जात नाही. एकूण नऊ हात लागतात आणि लॉकर उघडा राहतो.

पाढ्यातल्या प्रत्येक ओळीला दुसऱ्या पाढ्यात एक जुळी ओळ असते. अपवाद फक्त बे दुणे चार, तीन त्रिक नऊ, चार चोक सोळा, पाच पाचे पंचवीस या जातीच्या ओळींचा. त्या ओळी ज्या आकड्यावर संपतात त्यांनाच आपण पूर्ण वर्ग म्हणतो. शंभरापर्यंत ते दहा आहेत: १, ४, ९, १६, २५, ३६, ४९, ६४, ८१, १००. तेवढेच लॉकर उघडे. लॉकर हजार असते, तर एकतीस उघडे राहिले असते, कारण एकतीसचा वर्ग ९६१ आणि बत्तीसचा १०२४.

पुष्कळदा हात लागला म्हणून लॉकर उघडा राहतो असं मुळीच नाही. शंभरात सर्वांत जास्त हात ६०, ७२, ८४, ९० आणि ९६ या पाच लॉकरांना लागतात, प्रत्येकी बारा. बारा ही समसंख्या, म्हणून इतकी उघडझाप होऊनही पाचही बंद. ४, ९, २५ आणि ४९ यांना मात्र तीनच हात लागतात आणि ते उघडे राहतात.

मुलं याच क्रमाने गेली पाहिजेत असंही नाही. शंभरावा आधी गेला, पहिला सर्वांत शेवटी गेला, तरी प्रत्येक लॉकरला लागणारे हात तेवढेच, म्हणून शेवटचं चित्रही तेच. मधली चित्रं मात्र क्रमावर अवलंबून असतात, आणि त्यातलं एक मला फार आवडतं. पन्नासावा मुलगा जाऊन आल्यावर बोळ कसा दिसत असेल? एक्कावन्नपासून पुढच्या प्रत्येक मुलाला एकच काम उरलेलं असतं, आपल्या नंबरचा लॉकर उलटवायचा. पुढचा मागचा कोणताही नाही. म्हणजे ५१ ते १०० या लॉकरांची त्या क्षणीची स्थिती शेवटच्या स्थितीच्या नेमकी उलटी असणार. ६४, ८१ आणि १०० हे तीन बंद, बाकीचे सत्तेचाळीस सताड उघडे. अर्धी मुलं गेल्यावर कुणी तिथे डोकावलं, तर पुढे वर्गसंख्यांचे लॉकर उघडे राहणार आहेत यावर त्याचा विश्वास बसणार नाही.

आता आमचा घोटाळा. नको असताना उघडे राहिलेले लॉकर होते ६, १२ आणि १८. भाचीने ते पाहिलं आणि लगेच म्हणाली, "सहाचा पाढा राहिला!" खरंच राहिला होता. पाचवा पाढा झाल्यावर माझा फोन वाजला होता, आणि परत येऊन मी थेट सातपासून सुरुवात केली होती.

गैरहजर मुलगा असा पकडता येतो. जो मुलगा आला नाही, त्याच्या पाढ्यातले सगळे लॉकर चुकीचे दिसतात, आणि त्यातला सर्वांत लहान त्याचा स्वतःचा असतो. शंभर लॉकरांच्या बोळात सातवा दांडी मारेल, तर ७, १४, २१ वगैरे उघडे दिसतील आणि त्यांच्या मधला ४९ मात्र बंद, कारण त्याच्या तीन हातांतला एक कमी झाला. एका मुलाने पूर्ण दांडी न मारता एकच लॉकर चुकून सोडला, तर मात्र चोर सापडत नाही. फक्त १८ चुकलेला दिसला, तर तो पहिल्याने सोडला, दुसऱ्याने, तिसऱ्याने, सहाव्याने, नवव्याने की अठराव्याने, हे नाणं सांगू शकत नाही.

दुसऱ्या फेरीत सगळं जमलं. तेव्हा भाचीने विचारलं, "मग फक्त पहिलाच लॉकर उघडा ठेवायचा असेल, तर कोणाकोणाला पाठवायचं?" मी म्हटलं, "डावीकडून बघत जा. जो लॉकर पहिल्यांदा चुकीचा दिसेल, त्याच नंबरच्या मुलाला पाठव." तो मुलगा आपल्या मागचे लॉकर बिघडवूच शकत नाही, त्यामुळे एकदा नीट झालेला भाग नीटच राहतो. म्हणूनच उघड्या-बंद लॉकरांची कोणतीही नक्षी मनात धरा, ती जमवणारी मुलांची एक आणि एकच टोळी असते.

ती करत गेली. पहिल्याने सगळे उघडले. दुसरा चुकीचा, म्हणून दुसऱ्याला पाठवलं. तिसरा चुकीचा, तिसऱ्याला पाठवलं. चौथा बंदच होता, पुढे गेली. वीस नाण्यांत तिला सात मुलांना पाठवावंच लागलं नाही: ४, ८, ९, १२, १६, १८, २०. तिने यादी लिहिली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत बसली. मग तिला दिसलं की यातल्या प्रत्येक आकड्याला चारने किंवा नऊने भाग जातो. शंभरापर्यंत गेलं तर पंचवीस आणि एकोणपन्नासचे पाढेही त्यात येतात. एकाहून मोठ्या वर्गाने ज्याला भाग जातो, त्याने घरी बसायचं. अशी ३९ मुलं घरी बसली आणि उरलेली ६१ गेली, की एकटा पहिला लॉकर उघडा राहतो.

याचंही कारण सरळ आहे. साठाव्या लॉकरपाशी आता कोण येतं? साठाचे मूळ अवयव २, ३ आणि ५. त्यातला प्रत्येक एकेकदा घ्यायचा किंवा सोडायचा, आणि घेतलेल्यांचा गुणाकार करायचा. तसे होतात १, २, ३, ५, ६, १०, १५ आणि ३०. प्रत्येक अवयवामागे घ्या-सोडा असे दोनच पर्याय, म्हणून येणाऱ्यांची संख्या दोन गुणिले दोन गुणिले दोन. ती समच. पहिल्या लॉकरला घ्यायला किंवा सोडायला अवयवच नाही, म्हणून तिथे एकटा पहिला मुलगा येतो.

"आणि फक्त पाचवा उघडा हवा असेल तर?" मी विचारलं. तिने सगळी नाणी काट्यावर आणली आणि पाचव्याला पाठवलं. ५, १०, १५, २० वर छापा आला. दहाव्याला पाठवलं, १० आणि २० पालथे झाले. पंधराव्याला पाठवलं. विसाव्याकडे बोट नेलं, नाणं पाहिलं, आणि बोट मागे घेतलं.