सिकलसेलचं अक्षर आणि कॅस-९ चा काप

सिकलसेल आजाराचं मूळ एका अक्षरात आहे. अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जनुक असतं. त्यात एका ठिकाणी ‘ए’ ऐवजी ‘टी’ येतं. तेवढ्यामुळे हिमोग्लोबिनचे रेणू ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटून लांब काड्या तयार करतात. मग गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि रुग्ण वेदनेनं तळमळतो. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांतल्या अनेक घरांना हे दुखणं पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

क्रिस्पर तंत्रावर आधारलेल्या पहिल्या औषधाला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेत मान्यता मिळाली. ‘कॅसजेव्ही’ नावाचं हे औषध सिकलसेलवरचंच आहे. पण ते चुकलेल्या अक्षराला हातही लावत नाही. ते अकराव्या गुणसूत्राकडे न जाता दुसऱ्या गुणसूत्रावर, भलत्याच एका जनुकात काप घेतं. चूक जिथे आहे तिथे ती का दुरुस्त केली नाही, हे समजून घेताना क्रिस्परचं सगळं सामर्थ्य आणि त्याची मर्यादाही लक्षात येते.

क्रिस्परमध्ये कापण्याचं काम ‘कॅस-९’ नावाचं प्रथिन करतं. ते मूळचं जीवाणूंचं आहे. प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरलं जाणारं कॅस-९ घसादुखी आणणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस पायोजेनेस या जीवाणूकडून घेतलेलं आहे. विषाणूनं हल्ला केला की जीवाणू त्याच्या डीएनएचा छोटा तुकडा आपल्या जनुकसंचात जपून ठेवतो आणि त्याची आरएनए प्रत कॅस-९ ला देतो. तोच विषाणू पुन्हा आला, की कॅस-९ त्या प्रतीवरून त्याला ओळखून कापतं. एमान्युएल शार्पोंतिए आणि जेनिफर डाउडना यांनी २०१२ मध्ये दाखवलं, की ही आरएनए प्रत आपल्याला हवी तशी लिहून देता येते. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं. या प्रतीला गाइड आरएनए म्हणतात. लक्ष्य ओळखणारा त्यातला भाग फक्त २० अक्षरांचा असतो.

माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३ अब्ज अक्षरं आहेत. त्यातली नेमकी २० कॅस-९ ला सापडतात कशी? सुरुवातीपासून एकेक अक्षर वाचत जाणं शक्य नाही, कारण डीएनएचे दोन धागे एकमेकांना घट्ट धरून असतात आणि अक्षरं आत दडलेली असतात. प्रत्येक ठिकाणी धागे सोडवून पाहायचं म्हटलं तर शोध कधीच संपणार नाही. म्हणून कॅस-९ आधी आपल्या गाइडकडे न बघता एक छोटी खूण शोधतं. कोणतंही एक अक्षर आणि त्यापुढे लागोपाठ दोन ‘जी’, एवढीच ती खूण. तिला ‘पॅम’ म्हणतात. ही खूण धागे न सोडवता बाहेरूनच चाचपता येते. ती नसेल तर कॅस-९ लगेच सुटून पुढे जातं. गाइडशी शंभर टक्के जुळणारी २० अक्षरं तिथे असली तरीही.

जीवाणूसाठी ही अट जीवनमरणाची आहे. विषाणूचा जो तुकडा त्यानं जपून ठेवलेला असतो, तोही गाइडशी तंतोतंत जुळतो. मग कॅस-९ जीवाणूचा स्वतःचाच डीएनए का कापत नाही? कारण साठवलेल्या तुकड्याशेजारी पॅमची खूण नसते.

पॅम सापडली की कॅस-९ तिच्या लगतचे दोन धागे किंचित विलग करतं आणि गाइडचं पहिलं अक्षर जुळतंय का ते पाहतं. जुळलं तर पुढचं, मग त्यापुढचं. बॅगेची चेन एका टोकापासून उघडत जावी तसे धागे पॅमच्या बाजूनं उघडत जातात. पॅमजवळच्या पहिल्या दहा-बारा अक्षरांत खोट निघाली तर बहुधा तिथेच सगळं थांबतं आणि धागे पुन्हा मिटतात. पलीकडच्या टोकाला एखादं अक्षर चुकलं तर मात्र कॅस-९ ते कधीकधी चालवून घेतं, आणि नको तिथे काप पडण्याचा धोका याच सवलतीतून येतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये जिवंत जीवाणूमध्ये या शोधाचा वेग मोजला. प्रत्येक संभाव्य जागी हे प्रथिन सेकंदाच्या तीस हजारांशांपेक्षाही कमी वेळ थांबत होतं. तरीसुद्धा एकट्या रेणूला योग्य जागा सापडायला सुमारे सहा तास लागत होते. म्हणूनच प्रयोगात पेशीमध्ये कॅस-९ चे पुष्कळ रेणू एकदम सोडतात.

वीसच्या वीस अक्षरं जुळली की प्रथिनाचा आकार बदलतो आणि त्याचे दोन कापणारे भाग एकेक धागा तोडतात. काप पॅमपासून तीन अक्षरं अलीकडे पडतो. कॅस-९ चं काम इथे संपतं. जनुकात कोणता बदल होणार हे ते ठरवत नाही. ते पेशी ठरवते.

डीएनएचे दोन्ही धागे तुटणं ही पेशीसाठी मोठी आपत्ती असते. तिची पहिली धडपड असते तुटलेली टोकं कशीही करून जोडण्याची. ‘केयू’ नावाची प्रथिनांची जोडी काही क्षणांत दोन्ही टोकांना कडं घालते, इतर प्रथिनं टोकं जवळ आणतात, गरज पडल्यास थोडी तासतात किंवा एखादं अक्षर भरतात, आणि शेवटी लायगेज त्यांना सांधतं. टोकाला टोक जोडण्याची ही पद्धत बहुतेक पेशींत कधीही चालू शकते आणि अनेकदा ती बिनचूक असते. पण सांधा बिनचूक झाला तर ती २० अक्षरं आणि पॅम पुन्हा जशीच्या तशी तयार होतात, आणि आसपास असलेलं कॅस-९ पुन्हा काप घेतं. असं होता होता एखाद्या वेळी एक अक्षर जास्त घुसतं किंवा काही अक्षरं गळतात. मग गाइड जुळत नाही आणि कापणं थांबतं. म्हणून शेवटी मोडलेलीच जागा शिल्लक राहते.

कॅसजेव्हीनं नेमका याचाच उपयोग करून घेतला. गर्भात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि त्यात सिकलसेलची चूक नसते. जन्मानंतर काही महिन्यांत ‘बीसीएल-११ए’ नावाचं प्रथिन ते बंद पाडतं. हे प्रथिन हटवलं तर गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होईल. अडचण अशी, की रक्तातल्या इतर पेशींना हे प्रथिन लागतं, त्यामुळे अख्खं जनुक मोडून चालत नाही. पण त्या जनुकाच्या आत एक छोटा पट्टा असा आहे, की जो फक्त तांबड्या पेशी घडवताना ते जनुक चढ्या आवाजात चालू ठेवतो. औषधाचा गाइड तिथे जातो. त्या जागेची २० अक्षरं आणि त्यापुढची पॅम अशी:

```
CTAACAGTTGCTTTTATCAC AGG
```

पॅमपासून मागे तीन अक्षरं मोजली की काप `TTTTAT` आणि `CAC` यांच्यामध्ये पडतो. ‘गाटा-१’ नावाचं प्रथिन याच ठिकाणी बसून जनुक चालू ठेवत असतं. तिथलं एखादं अक्षर वाढलं किंवा गळलं की गाटा-१ ला नीट बसता येत नाही. मोडतोड कशी होते याला फारसं महत्त्व नाही, ती झाली की काम झालं. अमेरिकेत व्हिक्टोरिया ग्रे यांना जुलै २०१९ मध्ये अशा बदललेल्या मूळपेशी देण्यात आल्या. पुढच्या महिन्यांत त्यांच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी ४० टक्क्यांहून अधिक हिमोग्लोबिन गर्भातल्या प्रकारचं झालं. मान्यतेच्या वेळी तपासलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना किमान सलग बारा महिने वेदनेचा तीव्र झटका आला नव्हता.

पेशीकडे दुरुस्तीची दुसरी पद्धतही आहे आणि ती खरोखर सुंदर आहे. पेशी विभागणीपूर्वी डीएनएची प्रत काढते. त्या काळात तुटलेल्या धाग्याशेजारी त्याची अखंड प्रत हजर असते. मग पेशी तुटलेली टोकं घाईनं सांधत नाही. टोकांचा एक धागा ती मागे खाते, उघड्या पडलेल्या दुसऱ्या धाग्यावर ‘रॅड-५१’ प्रथिनं रांगेनं चढतात, तो धागा शेजारच्या प्रतीत जुळणारी जागा शोधतो आणि तिच्यावरून हरवलेला मजकूर उतरवून घेतो. संशोधक इथे आपला नमुना पुढे करतात. ‘टी’ च्या जागी ‘ए’ असलेला डीएनएचा तुकडा कॅस-९ सोबत दिला, तर पेशी तोच उतरवेल आणि सिकलसेलचं अक्षर खरोखर दुरुस्त होईल. त्या नमुन्यात आणखी काही अक्षरं अशी बदलतात, की प्रथिन तेच राहतं, पण गाइड मात्र जुळत नाही. तसं केलं नाही तर दुरुस्त झालेलं जनुक पुन्हा कापलं जाण्याची भीती असते.

कागदावर हा उपाय जास्त नेटका दिसतो, पण पेशीच्या वेळापत्रकामुळे तो अडतो. ही पद्धत प्रामुख्यानं विभागणीच्या काळातच चालते. आयुष्यभर रक्त पुरवणाऱ्या अस्थिमज्जेतल्या अस्सल मूळपेशी मात्र बहुतेक वेळ स्वस्थ असतात. त्यांना काही दिवस पोषक द्रवात ठेवून विभागायला उद्युक्त करता येतं, पण त्यात त्यांचं मूळपेशीपण कमी होण्याचा धोका असतो. ज्या पेशी नमुना उतरवून घेत नाहीत, त्या स्वस्थ बसत नाहीत, टोकाला टोक जोडून मोकळ्या होतात. इथे ती मोडतोड परवडणारी नसते. बीटा साखळीचंच जनुक बिघडलं तर सिकलसेलच्या जागी थॅलेसेमियासारखी अवस्था येऊ शकते. २०२२ मध्ये ग्राफाइट बायो या अमेरिकी कंपनीनं एका रुग्णावर ही पद्धत वापरली, पण त्याच्या रक्तपेशींची संख्या दीर्घकाळ कमी राहिली. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीनं चाचणी थांबवली. मूळ चूक सोडून दुसऱ्या गुणसूत्रावर काप घेण्याचा निर्णय म्हणूनच शहाणपणाचा ठरला. त्या पेशी जी दुरुस्ती सहज करतात, तिच्यावर विसंबून लक्ष्य निवडलं गेलं.

काप योग्य जागी पडला की नाही हे पाहायला त्या भागाच्या अनेक प्रती काढून त्यांची अक्षरं वाचतात. अक्षरं कापापर्यंत एकसारखी आणि त्यापुढे विस्कळीत दिसली, तर बदल झाला आहे असं समजतात. पण हजारो अक्षरं एकदम गळाली तर ही तपासणी चकते, कारण प्रती काढायला जिथून सुरुवात करायची ती जागाच उडालेली असते. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी अशा मोठ्या गळती दाखवून दिल्यावर लांब पट्टे वाचण्याची पद्धत रुळली.

नको तिथला काप शोधणं त्याहून अवघड. वर दिलेल्याच गाइडबद्दल २०२३ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. जनुकसंचात एक जागा अशी आहे, की जिथली अक्षरं या गाइडशी बरीच जुळतात, पण शेजारी पॅम नाही, म्हणून ती सुरक्षित मानली जात होती. आफ्रिकी वंशाच्या काही लोकांत मात्र तिथे एक अक्षर वेगळं असतं आणि त्या एका अक्षरामुळे पॅम तयार होते. अशा व्यक्तीच्या पेशींत तिथे खरोखर काप पडल्याचं प्रयोगात दिसलं. ती जागा प्रथिन घडवणाऱ्या मजकुरात नसल्यानं त्यातून अपाय झाल्याचं आढळलेलं नाही. पण सगळ्या माणसांसाठी एकच प्रमाण जनुकसंच वाचून गाइड निवडणं पुरेसं नाही, हे त्यातून स्पष्ट झालं. माडिया, गोंड, भिल्ल, पावरा या समाजांतल्या रुग्णांपर्यंत हे उपचार पोचवायचे असतील, तर त्यांच्या जनुकसंचातली वेगळी अक्षरं आधी वाचायला हवीत. त्याचबरोबर या उपचाराआधी तीव्र औषधानं जुनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, त्यासाठी रुग्णालयात कित्येक आठवडे काढावे लागतात, आणि अमेरिकेत या औषधाची किंमत २२ लाख डॉलर आहे.