छापील किंमत कुठे ठेवायची?

समजा, मिरजेचा एक कारखानदार जर्मनीतल्या एजंटामार्फत सतार विकतो. करांशिवाय छापील किंमत १,२०० युरो. दुकानदाराला ३० टक्के सूट, म्हणजे सतार त्याला ८४० युरोला पडते. उरलेल्या ३६० युरोंत भाडं, तारा लावून देणं, जवारी जुळवणं आणि त्याचा नफा भागतो.

एजंट म्हणतो, ‘‘इथे गिऱ्हाईक घासाघीस करतं. छापील किंमत १,५०० करू आणि थेट विकताना २५ टक्के सोडू.’’ त्याची विक्री १,१२५ला होईल. पण पॅरिसच्या दुकानात तीच सतार १,२००लाच असेल. गिऱ्हाईक तिथे वाजवून बघेल आणि विकत घेईल एजंटाकडून. दुकानदार चौकशा सांगतोय पण नवी ऑर्डर देत नाही, असं दिसलं की हेच चाललंय असं समजावं.

म्हणून एजंटाला स्पष्ट लिहावं: वस्तू खरोखर ज्या भावाला खपते, तीच छापील किंमत, आणि करांशिवाय ती सगळ्या देशांत एकच. जादा सूट फक्त नगांच्या संख्येवर, दुकानदारांनाच. थेट विक्रीत पाच टक्क्यांपर्यंतच, म्हणजे १,१४०च्या खाली नाही.

मात्र ही अट खऱ्या एजंटालाच घालता येते, कारण तो माल आपला म्हणून विकत नाही. दुकानदार माल विकत घेतो. युरोपीय महासंघात त्याच्यावर किमान विक्रीभाव लादणं बेकायदा आहे. त्याला शिफारस करावी, सक्ती नाही.