28 तक्रारी, पण किती टक्के?

शहर बससेवेचं तिकीट काढून देणारं एक ॲप आहे असं समजू. प्रवासी वैतागलेले आहेत. प्रवासी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ॲप स्टोअरवरच्या रिव्ह्यूंचे 30 स्क्रीनशॉट गोळा केले आहेत. ते घेऊन परिवहन कार्यालयात जायचं, तर ‘लोक फार त्रस्त आहेत’ एवढं सांगून भागत नाही. कुठल्या त्रासाचा वाटा किती, हे आकड्यात मांडावं लागतं. काम वरवर सोपं वाटतं: वाचायचं, गट पाडायचे, मोजायचं. खरी गोम शेवटच्या भागाकारात आहे.

त्याआधी स्क्रीनशॉट नीट साफ करून घ्यावे लागतात. पडदा सरकवत एकामागून एक चित्रं घेतली की एका चित्रातला तळचा रिव्ह्यू पुढच्या चित्रात वर पुन्हा येतो आणि तो दोनदा मोजला जातो. लांब रिव्ह्यू पडद्यावर पूर्ण दिसत नाही, ‘आणखी’वर टिचकी मारल्याशिवाय उरलेला मजकूर उघडत नाही, आणि दुसरी तक्रार बहुधा त्या झाकलेल्या भागातच असते. चित्रातून अक्षरं उचलणारं सॉफ्टवेअर वापरलं तर आणखी एक घोळ होतो. रिव्ह्यूखाली कंपनीनं दिलेलं उत्तरही ते त्याच मजकुरात मिसळून टाकतं. ‘आपल्या पेमेंटबाबत आम्हाला ईमेल करा’ हे वाक्य कंपनीचं असतं, पण ‘पेमेंट’ हा शब्द शोधणाऱ्याच्या हिशेबात ती प्रवाशाची तक्रार म्हणून जमा होते. तारे तर अक्षरं नसून चित्रंच असतात. एक तारा की दोन, हे डोळ्यांनी पाहून हातानं भरलेलंच बरं.

आपल्या उदाहरणात 30 चित्रांत 94 रिव्ह्यू दिसतात. दोनदा आलेले 8 वगळले की 86 उरतात. त्यांतल्या 6 जणांनी नुसतं कौतुक केलं आहे. म्हणजे तक्रारीचे रिव्ह्यू 80.

आता गट. एक रिव्ह्यू जवळून पाहू: ‘पैसे कटले पण तिकीट आलं नाही. लॉगिनचा ओटीपी पण दहा मिनिटांनी येतो. मागच्या अपडेटपासून हे सुरू झालंय.’ इथे दोन तक्रारी आहेत: पैसे गेले आणि तिकीट नाही ही एक, लॉगिनची अडचण ही दुसरी. ‘अपडेटपासून’ ही वेगळी तक्रार नव्हे, ती त्रास कधी सुरू झाला याची नोंद आहे, म्हणून तिच्यासाठी वेगळा रकाना हवा. आणि ‘पैसे कटले’ याला ‘बँकेचा दोष’ किंवा ‘सर्व्हरचा बिघाड’ असं नाव देण्याचा मोह टाळलेला बरा. बिघाड नेमका कुठे झाला, हे प्रवाशाला ठाऊक नसतं आणि मोजणाऱ्यालाही नसतं. प्रवाशाला जे दिसलं, त्यावरूनच गटाला नाव द्यायचं.

गट आधी ठरवून त्यांत रिव्ह्यू कोंबण्यापेक्षा पहिले वीस-पंचवीस वाचावेत, त्यांतून गट सुचू द्यावेत आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. दोन माणसांनी एकमेकांचं न पाहता गट लावले, तर व्याख्या कुठे सैल आहे ते लगेच कळतं: दोघांचं जिथे सारखं वेगळं पडतं, तो गट नीट बांधलेलाच नसतो.

स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत एक रिव्ह्यू आणि प्रत्येक गटाला एक रकाना ठेवायचा. तक्रार असेल तर 1, नसेल तर 0. आपल्या 80 रिव्ह्यूंत हिशेब असा निघतो: पैसे गेले पण तिकीट नाही 28, लॉगिन आणि ओटीपी 20, बसचं ठिकाण चुकीचं 16, मराठीचा पर्याय नीट चालत नाही 8, किरकोळ 6, आणि ‘बेकार ॲप’ एवढंच लिहून थांबलेले 18. बेरीज 96 होते, कारण 16 जणांनी दोन-दोन तक्रारी केल्या आहेत.

पहिल्या गटाचा वाटा काढायचं सूत्र असं:

```
=SUM(C2:C81)/ROWS(C2:C81)
```

उत्तर 35 टक्के. तक्रार करणाऱ्या दर शंभरांत पस्तीस जण पैशांबद्दल बोलतात, असा त्याचा अर्थ. सगळ्या गटांचे टक्के याच रीतीनं काढले तर बेरीज 120 येते आणि ती बरोबर आहे, कारण एक माणूस दोन गटांत असू शकतो. हे माहीत नसलेला माणूस घाबरतो आणि बेरीज शंभरावर आणण्यासाठी 96 नं भागतो. मग तोच गट 29 टक्के होतो. हाही आकडा खरा आहे, पण तो एकूण उल्लेखांतला वाटा आहे, माणसांतला नव्हे. तिसरा कोणी म्हणेल, ‘बेकार ॲप’वाल्यांनी काही सांगितलेलंच नाही, त्यांना काढा. मग भाजक 62 होतो आणि वाटा 45 टक्क्यांवर जातो. तक्रारी त्याच 28, आकडे मात्र 29, 35 आणि 45. कार्यालयातला अधिकारी 29 पुढे करील, संघटना 45. म्हणून टक्क्याशेजारी ‘80 पैकी 28’ असं लिहिलंच पाहिजे. ते नसेल तर वाद आकड्यांचा न राहता आवाजाचा होतो.

या प्रकारचा एक नेटका अभ्यास 2015 मध्ये ‘आयईईई सॉफ्टवेअर’ या नियतकालिकात आला. हम्माद खलिद, इमाद शिहाब, मेइयप्पन नागप्पन आणि अहमद हसन यांनी आयफोनवरच्या 20 मोफत ॲपचे एक-दोन ताऱ्यांचे 6,390 रिव्ह्यू हातानं वाचून तक्रारींचे 12 प्रकार पाडले. सर्वाधिक आढळल्या त्या कामातल्या चुका, त्याखालोखाल नव्या सोयींच्या मागण्या आणि मग ॲप अचानक बंद पडणं. पण तारे पाहिल्यावर वेगळंच चित्र दिसलं. खासगीपणाचा भंग आणि छुपा खर्च यांच्या तक्रारी संख्येनं थोड्या होत्या, तरी लोकांचा सर्वाधिक रोष त्यांच्यावर होता. वाट्याच्या रकान्याशेजारी ताऱ्यांचा रकाना का ठेवायचा, ते यावरून कळतं.

त्या संशोधकांनी रिव्ह्यू नमुना पद्धतीनं निवडले होते. स्क्रीनशॉटांचं तसं नसतं. गूगल प्ले आधी ‘सर्वात सुसंगत’ रिव्ह्यू दाखवतं, आणि तीच चित्रं घेतली तर निवड दुकानानंच केलेली असते. ‘सर्वात नवीन’ हा क्रम लावून, ठरावीक तारखांमधले सगळे रिव्ह्यू सलग टिपले तर हा दोष बराच कमी होतो. तरीही निघालेला वाटा रिव्ह्यू लिहिणाऱ्यांतला असतो. ‘35 टक्के प्रवाशांचे पैसे बुडतात’ असं त्यावरून म्हणता येत नाही.

तारखेचा रकाना आणखी एका कारणासाठी लागतो. जानेवारी 2021 मध्ये अमेरिकेत रॉबिनहूड या शेअर-व्यवहाराच्या ॲपनं गेमस्टॉपच्या खरेदीवर निर्बंध घातले आणि संतापलेल्या लोकांनी एका ताऱ्याचा पाऊस पाडला. गूगलनं त्यांतले सुमारे एक लाख रिव्ह्यू काढून टाकले. त्या दिवसांत स्क्रीनशॉट घेणाऱ्याला एकच विषय दिसला असता, आणि काही दिवसांनी घेणाऱ्याला तोच विषय बराच आटलेला.

आपल्या बसच्या ॲपचंही पुढच्या महिन्यात असंच होऊ शकतं. समजा लॉगिन यंत्रणा कोलमडली आणि तक्रारीचे रिव्ह्यू 80 वरून 140 झाले. पैसे गेल्याच्या तक्रारी तेवढ्याच, 28. आता त्यांचा वाटा 20 टक्के. 35 वरून 20 वर आलेली रेघ पाहून कोणीही म्हणेल की पैशांचा प्रश्न सुटत चालला आहे. पण तिकिटाविना पैसे गेल्याचं लिहिणारे प्रवासी मागच्या महिन्याइतकेच आहेत, आणि ते फक्त संख्येच्या रकान्यात दिसतात.