लोगोभोवतीची पांढरी कड

गणेशोत्सवाच्या फ्लेक्सवर किंवा स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेवर प्रायोजकांचे लोगो पाहा. पार्श्वभूमी गडद असेल, तर एखाद्या लोगोभोवती फिकट, दातेरी कड हमखास दिसते. पांढऱ्या कागदावरचा लोगो कापून इथे लावलेला आहे, हे ती कड लगेच सांगते. अनेकांना वाटते की कापणाऱ्याचा हात कच्चा असावा. दोष हाताचा नसतो. कडेचे पिक्सेल कापून हा प्रश्न सुटतच नाही.

संगणकावरचे चित्र चौकोनी पिक्सेलचे असते. तिरकी किंवा गोल रेष तशीच काढली तर ती पायऱ्यांसारखी दिसेल. म्हणून रेषेवर येणाऱ्या पिक्सेलना दोन्ही बाजूंच्या रंगांचे मिश्रण दिले जाते. याला अँटीअलायझिंग म्हणतात. समजा लोगो केशरी आहे आणि त्याच्या लाल, हिरव्या, निळ्या रंगांचे आकडे 255, 102, 0 आहेत. पांढऱ्याचे तिन्ही आकडे 255. जो पिक्सेल निम्मा लोगोत आणि निम्मा बाहेर आहे, त्याचा रंग साधारण 255, 179, 128 होतो, म्हणजे फिकट पीच. पांढऱ्यावर हा रंग डोळ्यांना जाणवत नाही, उलट त्यामुळेच रेष गुळगुळीत वाटते.

आता मॅजिक वाँडने पांढरा भाग निवडून पुसला की शुद्ध पांढरे पिक्सेल जातात, पण हा पीच पिक्सेल पांढऱ्यापासून बराच दूर असल्याने मागे राहतो, तोही पूर्ण अपारदर्शक. गडद निळ्यावर ठेवताच तो चमकतो. वाँडची सहनशीलता वाढवली तर तो जातो खरा, पण त्याच्याबरोबर रेषेचा गुळगुळीतपणाही जातो आणि पायऱ्या उघड्या पडतात.

खरे तर हा पिक्सेल हवाच असतो, नको असतो तो त्यातला पांढरा. तो वजा करून पिक्सेल शुद्ध केशरी आणि निम्मा पारदर्शक केला, तर खालचा निळा त्यातून दिसतो आणि कड निळ्यात आपोआप मिसळते. गणितही सोपे आहे. आपल्या लोगोत निळ्याचा आकडा 0 आहे आणि कडेच्या पिक्सेलमध्ये तो 128 झाला, म्हणजे पांढऱ्याचा वाटा जवळपास निम्मा. तेवढा पांढरा काढला की हिरव्याचा आकडाही 179 वरून पुन्हा 102 च्या आसपास येतो.

मोफत मिळणाऱ्या गिम्पमध्ये हे काम `Colors > Color to Alpha` ही सोय करते. मात्र ती पूर्ण चित्रावर चालवली तर लोगोच्या आतले पांढरे अक्षरही पारदर्शक होते. म्हणून आधी वाँडने फक्त बाहेरचा पांढरा भाग निवडावा, `Select > Grow` ने निवड दोन-तीन पिक्सेल आत सरकवावी आणि मग ती सोय वापरावी. निवडीत आलेल्या भर केशरी पिक्सेलना धक्का लागत नाही, कारण त्यांच्यात वजा करायला पांढरा उरलेलाच नसतो.

लोगोचा रंग फिकट असेल तर मात्र जपावे लागते. निळ्याचा आकडा 0 ऐवजी 51 असेल, तर गिम्प लोगोच्या भरीव रंगातही एक पंचमांश पांढरा आहे असे समजते आणि तो भाग 80 टक्केच अपारदर्शक ठेवते. निळ्यावर ठेवल्यावर तिथला केशरी मळकट दिसतो. अशा वेळी त्याच खिडकीतला `Opacity threshold` हळूहळू कमी करावा आणि लोगोचा भरीव रंग पूर्ण अपारदर्शक होताच थांबावे.

लोगो व्हॉट्सअॅपवरून जेपीजी म्हणून आला असेल तर काम अवघड होते. जेपीजी चित्र दाबून साठवताना कडांजवळच्या पांढऱ्यात पुसट डाग सोडते, आणि ते डाग गडद रंगावर धुळीसारखे उठतात. `Transparency threshold` थोडा वाढवला की बरेचसे डाग जातात, सगळे नाही.

झालेले काम पांढऱ्या पडद्यावर तपासू नये, तिथे कड लपून राहते. लोगोखाली काळा थर ठेवा, चित्र 400 टक्के मोठे करा आणि कडेवरून नजर फिरवा. फाइल पीएनजीमध्ये साठवा. जीआयएफमध्ये पिक्सेल एक तर पूर्ण पारदर्शक असतो किंवा मुळीच नसतो, त्यामुळे निम्म्या पारदर्शक कडा तिथे टिकत नाहीत. जेपीजीत तर पारदर्शकताच नसते.

आणि कापायला बसण्याआधी एक फोन जरूर करा. लोगो ज्यांचा आहे त्यांच्याकडे मूळ कोरलड्रॉ, पीडीएफ किंवा एसव्हीजी फाइल आहे का, ते विचारा. त्या फाइलमध्ये लोगो रेषांच्या रूपात असेल, तर त्याला पांढरी पार्श्वभूमी चिकटलेली नसते आणि कापण्याची गरजही उरत नाही.